डोळा दहाला लागतो, तीनला उघडतो

पौड रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात झोपेची तक्रार घेऊन येणारे बरेच जण एकच वाक्य बोलतात. "झोप लागायला काही अडचण नाही डॉक्टर, पण पहाटे तीनला टक्क जाग येते." थोडं खोदून विचारलं की कळतं, रात्री जेवणाआधी 'थोडीशी' असते. कुणाला भातलावणीच्या दिवसांत अंग मोडून आलेलं असतं, कुणी पिरंगुटच्या कारखान्यातली पाळी उरकून आलेला असतो, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास रखडून घरी पोचलेला असतो. दारूवर संशय मात्र कुणीच घेत नाही, कारण तिच्यामुळे निदान चार-पाच तास तरी झोप मिळते अशी प्रत्येकाची खात्री असते. मग थायरॉइड तपासून होतं, गादी बदलून होते, डोकं उत्तरेला की दक्षिणेला हेही करून होतं. तीनची जाग काही जात नाही.

ही जाग दारूची आहे की दुसऱ्या कशाची, हे तुम्हाला घरच्या घरी बऱ्याच अंशी ठरवता येतं. ते कसं करायचं आणि कुणी करू नये, हे इथे सांगतो.

रात्रीचे दोन भाग सारखे नसतात

आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते. रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असते, पण त्यांची वाटणी सारखी नसते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो. स्वप्नांची झोप, जिला डॉक्टर आरईएम म्हणतात, ती मुख्यतः दुसऱ्या भागात, पहाटेकडे येते. दिवसभरातल्या गोष्टी आठवणीत बसवण्याशी आणि मनावरचा ताण निवळण्याशी या झोपेचा जवळचा संबंध आहे.

दारू मेंदूचं काम मंद करते. म्हणून डोळा पटकन लागतो, आणि जास्त घेतली असेल तर पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोप थोडी वाढतेसुद्धा. "पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपलो" हे खोटं नसतं. पण त्याच वेळी स्वप्नांची झोप उशिरा सुरू होते आणि कमी होते. हा परिणाम दिसायला झिंगेपर्यंत प्यावं लागत नाही. नाइंटीएवढ्या मात्रेतही तो दिसतो.

खरी गडबड दारू उतरताना होते. दारू मेंदूला दाबत असते तेव्हा मेंदूही उलट जोर लावत असतो. चढावर ब्रेक दाबून उभ्या केलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर कुणीतरी दाबून धरावा, तसं. रक्तातली दारू संपत आली की ब्रेक सुटतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच राहतो. छातीत धडधड, मानेवर घाम, घशाला कोरड, लघवीची घाई आणि डोक्यात उगाचच कर्जाचे हप्ते. ही अवस्था नेमकी त्या तासांत येते जेव्हा स्वप्नांच्या झोपेची पाळी असते. त्यामुळे ती झोप आधी दारूने कापली जाते आणि नंतर जागेने. मध्ये डोळा लागलाच तर स्वप्नं तुटक आणि भडक पडतात.

म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा अंथरुणात असूनही सकाळी डोकं जड आणि माणूस चिडका. तास भरलेले असतात, पण पहाटेचा भाग जवळपास रिकामा गेलेला असतो.

जागेची वेळ आधी सांगता येते

शरीर दारू एका ठरावीक वेगाने जाळतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, उलटी, यांतल्या कशानेही तो वेग वाढत नाही. सर्वसाधारण माणसात 30 मिली व्हिस्की किंवा रम जळायला सव्वा ते दीड तास लागतो. रोज घेणाऱ्यांचा वेग थोडा जास्त असतो. किरकोळ अंगाच्या माणसांना आणि बहुतेक स्त्रियांना तेवढीच दारू जास्त चढते. एवढं ध्यानात ठेवून ढोबळ हिशेब असा:

- नाइंटी, म्हणजे 90 मिली: सुमारे चार ते साडेचार तास
- क्वार्टर, म्हणजे 180 मिली: आठ ते नऊ तास
- साधी बिअर, 5 टक्क्यांची, 650 मिलीची बाटली: साडेतीन तासांच्या आसपास
- स्ट्राँग बिअर, 8 टक्क्यांची, तेवढीच बाटली: साडेपाच ते सहा तास

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर" म्हणणाऱ्याच्या एका स्ट्राँग बाटलीत नाइंटीपेक्षा जास्त दारू असते.

आता तुमचा हिशेब करा. पहिला घोट किती वाजता घेतला त्यात वरचे तास मिळवा. येईल ती वेळ आणि त्यानंतरचे एक-दोन तास, हा तुमच्या जागेचा पट्टा. पावणेनऊला नाइंटी सुरू केली तर एकच्या सुमारास ती संपते, आणि जाग एक ते तीनच्या दरम्यान येते. दारू पूर्ण संपायची वाटही मेंदू पाहत नाही, उतार लागला की चुळबुळ सुरू होते. म्हणून हे घड्याळाइतकं अचूक नाही, पण कामाला पुरतं.

एक खबरदारी. घरचा पेग कधीच 30 मिलीचा नसतो. तुमच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या खुणेपर्यंत पाणी ओता आणि ते खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने मोजा. माझ्यासमोर एका गृहस्थांनी हे केलं, तर त्यांचा 'एक लहान' 75 मिलीचा निघाला. ते बराच वेळ त्या झाकणाकडे बघत होते.

थांबा: हा प्रयोग सगळ्यांसाठी नाही

पुढे मी काही दिवस दारू पूर्ण बंद ठेवून बघायला सांगणार आहे. पण खालच्यापैकी एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका:

- सकाळी हात थरथरतात आणि घोटभर घेतली की थांबतात.
- रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त, बरेच महिने चालू आहे.
- पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली होती, भास झाले होते किंवा माणूस बरळत होता.
- लिव्हरचा आजार, फिट्स किंवा हृदयाचा आजार आधीपासून आहे.

शरीराला सवय पडलेली असताना दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप, भास असा प्रकार होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. गावाकडे याला 'बाहेरचं झालं' म्हणून अंगारा लावत बसतात आणि दोन दिवस वाया जातात. दारू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस भिंतीवर किडे बघू लागला, तर तो थेट दवाखान्याचा रुग्ण आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन हेच सोडणं सुरक्षितपणे करता येतं.

चौदा रात्रींची वही

बाकीच्यांनी एक साधी वही घ्यावी. मोबाइल नको, कारण रात्री तो हातात आला की दुसरंच काही सुरू होतं. रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा:

1. पहिला घोट किती वाजता, एकूण किती मिली (मोजून)
2. दिवा किती वाजता घालवला
3. पहिली जाग अंदाजे किती वाजता, परत झोप लागायला किती वेळ
4. स्वप्न आठवतं का, हो किंवा नाही
5. घोरणं कसं होतं, हे घरच्यांना विचारून

रात्री घड्याळ बघायचं नाही. जाग आली की किती वाजले हे बघणं हीच जाग पक्की करण्याची खात्रीशीर युक्ती आहे. दुधाचा टेम्पो गेला होता का, पहिल्या पाळीची बस गेली होती का, अशा खुणांवरून सकाळी अंदाजाने लिहिलं तरी चालतं.

पहिले सात दिवस नेहमीसारखे घालवा, काही बदलू नका. पुढचे सात दिवस दारू पूर्ण बंद, पण झोपायची आणि उठायची वेळ तीच. 'कमी करून बघतो' म्हणाल तर वहीत काही कळणार नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या तीन-चार रात्री वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवतो. झोप उशिरा लागेल. नंतर स्वप्नांचा पूर येईल, कारण इतके दिवस अडवलेली स्वप्नांची झोप आता उसळून वर येते. दारू प्यायल्याचं स्वप्न पडून लोक घाबरे होतात, प्रत्यक्षात प्यायलोच की काय म्हणून तोंडाचा वास बघतात. यात काळजीचं काही नाही. पण इथेच बहुतेक जण हार मानतात आणि "बघा, दारूशिवाय मला झोपच येत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. निकाल पाचव्या रात्रीनंतर लावायचा. चित्र स्पष्ट नसेल तर आणखी आठवडाभर थांबा.

एक वही उघडून बघू

कोळवण खोऱ्यातले एक गृहस्थ, वय 48, कारखान्यात देखभालीच्या कामावर, घरी इंद्रायणीची थोडी शेती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांची वही त्यांच्या पत्नीने लिहिली, कारण "ह्यांच्या अक्षरात तीन आणि पाच सारखेच दिसतात."

पहिल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार पावणेनऊला सुरुवात, मोजून 90 मिली, दहाला झोप. पहिली जाग पाचही दिवस सव्वादोन ते पावणेतीनच्या मध्ये, आणि परत डोळा लागायला तास-दीड तास. त्या वेळात ते पडवीत येऊन बसत आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकत. स्वप्नाच्या रकान्यात पाचही दिवस 'नाही'.

शनिवारी पाहुणे आले आणि क्वार्टर झाली. त्या रात्री जाग पावणेपाचला आली, अंग घामाने भिजलेलं, छाती धडधडत होती. घोरण्याच्या रकान्यात पत्नीने लिहिलं होतं, 'मध्येच श्वास थांबला, मी हलवलं.'

हे गृहस्थ गेली दोन वर्षं याच शनिवारामुळे फसत होते. जास्त घेतली की जास्त झोप लागते, असं त्यांना वाटायचं, कारण जाग तीनऐवजी पाचला यायची. प्रत्यक्षात दारू संपायलाच उशीर झाल्यामुळे जाग पुढे सरकत होती. मात्रेबरोबर जागेची वेळ अशी सरकत असेल, तर त्या जागेचं मूळ दारूत आहे याहून चांगला घरगुती पुरावा मला माहीत नाही. झोप आणणारा परिणाम तर काही रात्रींतच बोथट होतो. मग तेवढ्याच झोपेसाठी साठाचे नव्वद आणि नव्वदचे एकशेवीस होतात. पहाटेची मोडतोड मात्र बोथट होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या रात्री त्यांना साडेबारापर्यंत झोप नव्हती. तिसऱ्या रात्री हरवलेला बैल शोधत धरणाच्या काठाने पळत असल्याचं स्वप्न पडलं, आणि स्वप्नाच्या रकान्यात पहिल्यांदा 'हो' आलं. पाचव्या रात्री चारला जाग आली, पण दहा मिनिटांत परत झोप. सातव्या दिवशी थेट सव्वापाच. घोरणं कमी झालं, पण थांबलं नाही. म्हणून त्यांना झोपेत श्वास अडकण्याच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. दारू घशाचे स्नायू सैल करून हा आजार वाढवते, पण तो दारूशिवायही असू शकतो.

दुसरा आठवडा संपूनही जाग त्याच वेळेला येत राहिली, तर दारूव्यतिरिक्तचं कारण शोधायला हवं. वाढलेली साखर, प्रोस्टेट, पित्त, मनाची उदासी. विशेषतः पहाटे लवकर जाग येऊन जगणं नकोसं वाटत असेल, तर तपासणी लांबवू नका.

घ्यायचीच असेल तर

सगळ्यांनी सोडावी असं फर्मान मी काढत नाही. पण झोप वाचवायची असेल तर एकच गोष्ट खरोखर उपयोगी पडते: झोपायच्या वेळेपर्यंत दारू बरीचशी जळून गेलेली असणं. म्हणजे 60 मिलीसाठी सुरुवात झोपेच्या निदान तीन तास आधी. साडेदहाला झोपायचं असेल तर साडेसातला बसायचं, आणि जेवणानंतर परत ओतायची नाही. नाइंटीला साडेचार तास लागतात, म्हणजे सहालाच बसावं लागेल. दोन-तीन जणांनी हे गणित केल्यावर "मग साठच बरी" असं आपणहून ठरवलं.

जेवणाबरोबर घेतल्याने ती सावकाश चढते, पण संपायला लागणारा वेळ त्याने फारसा वाचत नाही. चकण्यातले खारे शेंगदाणे पहाटेची तहान वाढवतात, एवढं सांगतो.

या चुका महागात पडतात

झोपेची गोळी. तीनला जाग आली म्हणून घरात पडलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम घेणं. त्या वेळी दारू अंगात शिल्लक असू शकते, आणि दोन्ही मिळून श्वास मंदावतो. ही गोळी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावाची असते, त्यामुळे डॉक्टरांना पत्ताच नसतो. गोळी मागायला जाल तेव्हा रोज किती घेता हा आकडा खरा सांगा.

मधुमेह. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी न जेवता दारू घेतली तर पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम आणि धडधड इथेही तशीच असते. अशा जागेला ग्लुकोमीटरने साखर बघा. मीटर नसेल तर साखर खाऊन घ्या.

सकाळचं स्टिअरिंग. हे शनिवारी मुळशीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी. रिसॉर्टवर रात्री दहाला सुरू करून 60-60 मिलीचे चार पेग झाले, तर हिशेबाने ते दुसऱ्या दिवशी आठ-दहापर्यंत अंगात असतात. तुम्ही पाचला जागे झालात, चहा घेतला, तरतरी वाटली, म्हणून सातला ताम्हिणीकडे गाडी काढता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सातला तुम्ही त्या मर्यादेच्या वर असू शकता. वर तुटक झोप आणि घाटातलं धुकं.

मदत कुठे, हक्क कोणते

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. पुण्यात ससूनचा मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस 14416 वर मराठीतून मोफत बोलता येतं, आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारूच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रास येतात. त्यामुळे तुम्हाला काही हक्क मिळतात:

- सरकारी आरोग्यसेवेत उपचार मागण्याचा हक्क.
- माहिती गुप्त राहण्याचा हक्क. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती कारखान्याच्या साहेबांना देऊ शकत नाहीत.
- स्वतःहून भरती झाला असाल तर सुट्टी मागण्याचा हक्क. डॉक्टर तपासणीसाठी जास्तीत जास्त 24 तास थांबवू शकतात. तुमच्या मर्जीविरुद्ध भरती करायची तर कायद्याने ठरवलेली तपासणी आणि कागदपत्रं लागतात. घरच्यांनी पैसे भरले म्हणून कुणी रात्री गाडी आणून उचलून नेणं या कायद्यात बसत नाही.

विम्याचं मात्र नीट बघा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं हाच कायदा म्हणतो. पण बहुतेक आरोग्य विम्यांच्या न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत व्यसनावरचे उपचार वेगळे लिहिलेले असतात. भरती होण्याआधी पॉलिसीचं ते पान काढून डॉक्टरांना दाखवा आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करायची असेल तर तिची विचारणा वेगळी करा.

दवाखान्यात याल तेव्हा वही सोबत आणा. त्या गृहस्थांची वही आता तिसऱ्या महिन्यात आहे. मापाचं झाकण पत्नीने फडताळात वेगळं ठेवलंय. शनिवारी 60 मिली, साडेसातला. बाकीच्या दिवशी पहिल्या रकान्यात नुसती आडवी रेघ.